भाग : शब्दाविना दोन मिनिटं, किंवा बागेतल्या पाइपवर ठेवलेला पाय

हा भाग ज्यांनी लोकलमध्ये अर्धा ऐकला आणि मग रेंज गेली, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना जे ‘अंऽऽ’ आणि ‘म्हणजे’ होते, त्यातले निम्मे काढलेत. निम्मे तसेच ठेवलेत, कारण नाहीतर तो मी वाटणार नाही.

विषय आहे दोन मिनिटांच्या मूकपटाची संहिता. संवाद नाही, निवेदन नाही, ‘सहा महिन्यांनंतर’ असली पाटीसुद्धा नाही. फक्त दृश्य, आजूबाजूचे आवाज आणि हाताबोटांच्या लहानसहान हालचाली. हा विषय घ्यायचं कारण असं की मी स्वतः एका स्पर्धेसाठी अशी संहिता लिहिली आणि ती पहिल्याच फेरीत परत आली. परत येणं ठीकच होतं. पण का आली हे समजायला मला जवळजवळ सव्वाशे वर्षं मागे जावं लागलं. तर तिथूनच सुरुवात करू.

साल १८९५, फ्रान्स. लुमिएर बंधूंच्या यंत्रात एका वेळी साधारण सतरा मीटर फिल्म मावायची. हाताने दांडा फिरवायचा, सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं. गणित केलंत तर पन्नास सेकंदांत खेळ खलास. म्हणजे आपली रील्स आहेत ना, त्याहूनही लहान. आणि कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवलेला, डावीकडे-उजवीकडे बघायचं नाही, जवळ जायचं नाही.

या पन्नास सेकंदांत बहुतेक वेळा ते जे समोर घडतंय तेच टिपायचे. कारखान्यातून सुटणारे कामगार, फलाटावर येणारी गाडी, असं. पण एका फिल्ममध्ये त्यांनी मुद्दाम घडवून आणलेली गोष्ट होती. एक माळी बागेला पाइपने पाणी घालतोय. मागून एक पोरगा येतो आणि पाइपवर पाय ठेवतो. पाणी बंद. माळी चक्रावतो, पाइपचं तोंड डोळ्यासमोर धरून आत बघतो. पोरगा पाय उचलतो. फवारा थेट तोंडावर. मग माळी त्याला पकडतो, बदडतो आणि परत पाणी घालायला लागतो. संपलं. २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसच्या ग्राँ कॅफेत पैसे देऊन आलेल्या लोकांना जो प्रसिद्ध पहिला खेळ दाखवला, त्यात ही फिल्म होती. तशा विनोदाची चित्रमालिका त्याआधी छापील रूपात येऊन गेली होती, म्हणजे कल्पना अगदीच आकाशातून पडलेली नव्हती.

आता ही गोष्ट ‘मजेशीर’ म्हणून सोडून देऊ नका. तिची हाडं बघा. पोरगा पाइपवर पाय ठेवतो हे आपल्याला दिसतं, माळ्याला दिसत नाही. सगळी गंमत या एका फरकात आहे. कुणी कुणाला काही सांगत नाही, तरी आपल्याला दोघांच्याही डोक्यात काय चाललंय ते कळतं. आणि त्यासाठी लागलेली कृती केवढी? एक पाय ठेवणं आणि तोच पाय उचलणं. एकच हालचाल, आधी सरळ, मग उलट.

आणखी एक बारीक गोष्ट. माळी पोराला पकडतो तेव्हा पोरगा पळत लांब गेलेला असतो, जवळजवळ चौकटीच्या काठाशी. माळी त्याला तिथेच बदडत नाही. ओढत चौकटीच्या मध्ये, कॅमेऱ्याजवळ आणतो आणि मग बदडतो. खऱ्या आयुष्यात कोण असं करेल? पण कॅमेरा हलणार नव्हता, म्हणून गोष्टीलाच कॅमेऱ्यासमोर यावं लागलं. मला हे फार आवडतं. संहितेत ‘काय घडतं’ याच्याइतकंच ‘कुठे घडतं म्हणजे दिसेल’ हेही लिहावं लागतं, आणि ही अडचण तेव्हापासूनची आहे.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. मूकपट म्हणजे शब्द नसलेला सिनेमा, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. मूकपटांत भरपूर शब्द असायचे, फक्त ते पाटीवर असायचे. दृश्य थांबायचं, काळ्या पडद्यावर मजकूर यायचा, लोक वाचायचे, मग पुढे. आपल्या दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ मध्येही अशा पाट्या आहेत, एकाहून जास्त भाषांत. आणि थिएटरही शांत नसायचं, वाद्यं वाजायची. त्यामुळे ‘पाटीसुद्धा नको’ ही अट मूकपटाच्या काळातही अवघडच होती, आणि थोड्याच लोकांनी ती अंगावर घेतली.

त्यांतला एक कार्ल मायर. तो दिग्दर्शक नव्हता, संहितालेखक होता, म्हणून आपल्याला त्याचं नाव सहसा माहीत नसतं. जर्मनीत १९२१ मध्ये त्याच्या ‘शेर्बेन’ या चित्रपटात, म्हणजे ‘काचांचे तुकडे’ म्हणू या, पाट्या जवळपास काढूनच टाकल्या होत्या. १९२४ मध्ये मुर्नाऊ या दिग्दर्शकासाठी त्याने जो चित्रपट लिहिला, तो इंग्रजीत ‘द लास्ट लाफ’ म्हणून ओळखला जातो. जर्मन नावाचा अर्थ ‘शेवटचा माणूस’. एका बड्या हॉटेलचा म्हातारा दरवान. अंगावर सोनेरी बटणांचा भारदस्त कोट. त्या कोटामुळे चाळीतले लोक त्याला सलाम करतात. एके दिवशी वय झालं म्हणून हॉटेलवाले त्याला दारावरून काढून खाली स्वच्छतागृहात टॉवेल द्यायला बसवतात. कोट काढून घेतात. एवढीच गोष्ट.

पूर्ण लांबीच्या या चित्रपटात कथा सांगणारी पाटी एकच आहे, तीही शेवटाकडे, जिथे गोष्टीला एक अचानक गोड वळण दिलंय. (मला ते वळण चिकटवल्यासारखं वाटतं, पण आज त्यात शिरत नाही.) म्हाताऱ्याला कामावरून हलवल्याचं त्याला एका पत्रातून कळतं. ते पत्र आपणही वाचतो. म्हणजे शब्द आहेत, पण ते त्या जगातले आहेत, कागदावर आहेत, त्याच्या हातात आहेत.

बाकी सगळं कोट सांगतो. कोट अंगावर असताना तो ताठ चालतो, मिशीवरून हात फिरवतो. कोट गेला की तोच माणूस वाकतो, आणि इतका वाकतो की वाटतं मधे वीस वर्षं गेली. कोट अंगावरून उतरवताना एक बटण तुटून खाली पडतं. त्या बटणाने जे काम केलंय, ते करायला आपल्यापैकी कुणीही संवादाचं अर्धं पान लिहिलं असतं.

मायर संहिता लिहायचा ती तुटक, छोट्या-छोट्या ओळींत. परिच्छेद नाहीत, ‘त्याला खूप अपमान वाटतो’ असली वाक्यं नाहीत. एक ओळ म्हणजे नजरेचा एक मुक्काम. वाचतानाच डोळा पडद्यावर फिरल्यासारखा व्हावा, असा बेत. माझी परत आलेली संहिता यासमोर ठेवून बघितली आणि लाज वाटली. त्यात मी चक्क लिहिलं होतं, ‘आजोबांना पत्नीची तीव्र आठवण येते.’ कॅमेरा कुठे लावणार, सांगा. तीव्र आठवणीच्या समोर?

याच चित्रपटात अजून एक जागा आहे, ती पुढे लागणार आहे म्हणून लक्षात ठेवा. रात्री चाळीच्या अंगणात एक माणूस तुतारी वाजवतो. सिनेमा मुका, आवाज ऐकू येणार कसा? तर कॅमेरा तुतारीच्या तोंडापासून सुरू होतो आणि झपाट्याने मागे-मागे, लांब जातो. जणू आवाज हवेतून प्रवास करतोय आणि आपण त्याच्यावर बसलोय. आवाज दिसतो.

मग बोलपट आले, आणि शब्दाविना गोष्ट सांगणं ही गरज राहिली नाही, निवड झाली. आपल्याकडचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे १९८७ चा ‘पुष्पक’, कमल हासनचा. पण दोन मिनिटांच्या कामासाठी त्याहून उपयोगी पडते ती सत्यजित राय यांची ‘टू’, साल १९६४, कृष्णधवल, पंधराएक मिनिटांची. एस्सो वर्ल्ड थिएटर या अमेरिकी टीव्हीच्या उपक्रमासाठी त्यांना बंगालच्या पार्श्वभूमीवर, पण इंग्रजीत फिल्म करायला सांगितलं होतं. बंगाली पोरांच्या तोंडी इंग्रजी घालण्याऐवजी राय यांनी शब्दच काढून टाकले. मूकपटांवर त्यांचं प्रेम होतंच. पण आवाज मात्र ठेवला, आणि इथेच खरी मजा आहे.

मोठ्या घरात एकटा मुलगा. कोल्ड्रिंकची बाटली, खेळण्यांचा ढीग, काडी पेटवून फुगे फोडण्याचा उद्योग. कंटाळलाय. बाहेरून बासरी ऐकू येते. खिडकीतून बघतो तर खाली झोपडीपाशी त्याच्याच वयाचा एक पोरगा बासरी वाजवतोय. हा आत जाऊन खेळण्यातली तुतारी आणतो आणि त्याच्यापेक्षा मोठ्याने वाजवतो. खालचा आत जाऊन ढोल आणतो. वरचा किल्लीवर ढोल बडवणारं माकड आणतो. मग मुखवटे, धनुष्यबाण, तलवार, बंदूक. दर वेळी खालच्याकडे एक वस्तू, वरच्याकडे चार. खालचा हरतो, आत जातो. थोड्या वेळाने वरच्याला खिडकीतून पतंग दिसतो. बेचकीने नेम लागत नाही, म्हणून हा छऱ्याची बंदूक आणतो आणि पतंग फाडतो. खालचा पोरगा फाटका पतंग घेऊन नुसता बघतो आणि जातो.

वरचा जिंकला. खोलीत येऊन सगळी खेळणी एकदम चालू करतो, नुसता कलकलाट. आणि त्या कलकलाटातून परत बासरी ऐकू येते. एक यंत्रमानव चालत-चालत ठोकळ्यांचा मनोरा पाडतो. मुलगा बसून राहतो.

बघा, बासरी दोनदा येते. सूर काढणारा तोच, ऐकणारा तोच, खिडकी तीच. पहिल्यांदा ती ‘येतोस का खेळायला?’ असं विचारत होती. दुसऱ्यांदा ती काहीच विचारत नाही. तिला या मुलाची गरजच नाही, आणि नेमकं तेच त्याला ऐकू येतंय. आवाज बदललेला नाही, मधे घडलेल्या गोष्टींनी त्याचा अर्थ बदललाय. पाइपवरचा पाय, दरवानाचा कोट, आणि आता बासरी. प्रत्येकात एकच वस्तू दोनदा येते आणि दुसऱ्यांदा तिचं वजन वेगळं असतं. दोन मिनिटांत तुम्हाला बहुतेक अशी एकच वस्तू परवडते. दोन घेतल्या तर पहिली रुजायच्या आत दुसरी येते.

हे सगळं डोक्यात घेऊन मी माझी संहिता परत लिहिली. पहिल्या मसुद्यात काय होतं ते आधी सांगतो. भिंतीवर हार घातलेला आजीचा फोटो. मांडणीतून दोन ताटं काढून एक परत ठेवणारे आजोबा. दाराशी पडून राहिलेल्या आजीच्या चपला. थोडक्यात, ‘आजी गेली’ हे तीन वेळा सांगितलं होतं, आणि तिन्ही खुणा अशा, ज्या तुम्ही पन्नास शॉर्टफिल्ममध्ये पाहिल्यात. वर तो मसुदा मी स्टॉपवॉच लावून घरात करून बघितला तर तीन मिनिटं वीस सेकंद. संवाद असलेल्या संहितेत पानामागे साधारण एक मिनिट धरतात. इथे ते गणित चालत नाही. ‘म्हातारा खुर्चीतून उठतो’ ही तीन शब्दांची ओळ, आणि माझ्या आजोबांना खऱ्या आयुष्यात त्याला आठ सेकंद लागतात.

नव्या मसुद्यात मी एकच वस्तू ठेवली, कुकरची शिट्टी. तो असा :

०:०० काळा पडदा. गॅसचा सूंऽ आवाज. कुकर आतून खदखदतोय. लांब गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारतंय, ती लागत नाही.

०:०८ बाहेरची खोली. खुर्चीत आजोबा, समोर पेपर, चेहरा पेपरमागे. उजवीकडे स्वयंपाकघराचं उघडं दार. दारातून ओट्यावरचा कुकर दिसतो.

०:१८ पहिली शिट्टी. वाफेचा झोत खिडकीच्या उन्हात पांढरा उठतो. पेपर हलत नाही. पेपर धरलेल्या हाताचं एक बोट सरळ होतं.

०:३० पान उलटलेलं. जमिनीवरचा उन्हाचा चौकोन थोडा सरकलाय. दुसरी शिट्टी, वाफ. दोन बोटं.

०:४८ तिसरी शिट्टी. आजोबा, नजर पेपरातच, तीन बोटं वर केलेला हात स्वयंपाकघराच्या दिशेने धरतात.

०:५६ हात तसाच. गॅसचा सूं. पंखा. बाकी काही नाही.

१:१४ हात किंचित थरथरतो, पण खाली येत नाही.

१:२० चौथी शिट्टी, लांबलचक. पेपर खाली येतो. आजोबा पहिल्यांदा दाराकडे बघतात. मग स्वतःच्या हाताकडे.

१:३२ उठतात. सपाता फरफटत स्वयंपाकघरात जातात. कॅमेरा बाहेरच. बटण फिरवल्याचा खट आवाज. सूं थांबतो. आता पंखाच काय तो ऐकू येतो.

१:४६ आजोबा परत येतात. खुर्ची उचलत नाहीत, ओढतात. फरशीवर खरखर. खुर्ची दारातून आत जाते. खाली पडलेला पेपर तिथेच.

२:०० काळा.

आता यातल्या अडचणी. पहिली, खऱ्या कुकरच्या शिट्ट्यांमधलं अंतर इतकं कमी नसतं, त्यामुळे वेळ दाबावी लागते. ‘सहा मिनिटांनंतर’ अशी पाटी टाकायची नाही, म्हणून उन्हाचा चौकोन सरकवला आणि पान उलटलं. म्हणूनच पहिल्या दोन शिट्ट्यांच्या मधे कट आहे आणि तिसरी-चौथीच्या मधे तो नाही. तिथे खरा वेळ जायला हवा, हात अवघडायला हवा. ०:५६ ते १:२० हे चोवीस सेकंद कुणी छाटले, तर फिल्म उरत नाही, कुकरची जाहिरात उरते. संपादन करणाऱ्या मित्राने पहिल्यांदा नेमके तेच छाटले होते.

दुसरी अडचण मोठी होती. एका मैत्रिणीला मी कच्चं चित्रीकरण पाठवलं, तिने ते ऑफिसमध्ये आवाज बंद ठेवून बघितलं. तिचा मेसेज आला, ‘आजोबा तीन कप चहा मागतायत का?’ तेव्हा कुकर दारातून दिसत नव्हता, शिट्टी फक्त ऐकू येत होती. फोनवर लोक आवाज बंद ठेवूनच बघतात, हे मी विसरलो होतो. तेव्हा मुर्नाऊची तुतारी आठवली. शिट्टी दिसली पाहिजे. म्हणून स्वयंपाकघराचं दार चौकटीत घेतलं, आणि चित्रीकरण सकाळी, खिडकीतून ऊन येतं तेव्हा केलं, कारण वाफ उन्हातच नीट दिसते. ढगाळ दिवशी एकदा प्रयत्न केला, वाफ भिंतीच्या रंगात विरघळून गेली.

आणि उलटी परीक्षाही घेतली. फोन पालथा ठेवून नुसतं ऐकलं. चार शिट्ट्या, सपाता, खट, शांतता, खुर्चीची खरखर. त्यात पहिल्यांदा एक घोटाळा सापडला. मागे शेजाऱ्यांच्या टीव्हीवर कुणीतरी स्पष्ट मराठीत बोलत होतं. दृश्य बघताना ते कानाला खटकलंच नव्हतं. डोळे मिटले तर दुसरं काही ऐकूच येईना. ‘एकही शब्द नाही’ म्हणणाऱ्या फिल्ममध्ये बातम्या चालू! तो सगळा आवाज काढून पंखा आणि गॅस वेगळे रेकॉर्ड करून चिकटवले. खट हा आवाज मात्र आमच्या गॅसच्या बटणाचा नाही, ते फिरताना आवाजच करत नाही. तो टॉर्चच्या बटणाचा आहे.

आजोबांचं काम माझ्या आजोबांनीच केलं. त्यांना गोष्ट सांगितली नव्हती, फक्त शिट्ट्या मोजायच्या आणि तिसरीला हात वर धरायचा, एवढंच सांगितलं होतं. खुर्ची आत ओढायचं संहितेत आधी नव्हतंच. तेव्हा शेवट रिकाम्या दारावर होता. पण चौथ्या टेकला गॅस बंद करून ते बाहेर आले, खुर्ची धरली आणि ओढत आत घेऊन गेले. मी विचारलं, हे काय. ते म्हणाले, ‘अरे, इथून लक्ष राहत नाही.’

पुढच्या भागात फाळक्यांच्या वाटाण्याच्या रोपाबद्दल बोलू, म्हणजे एका कुंडीसमोर महिनाभर कॅमेरा लावून केलेल्या फिल्मबद्दल. तोपर्यंत तुमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या कोण मोजतं, ते कळवा.